एक्सबॉक्स ३६०चं स्टोअर बंद झालं. पैसे देऊन घेतलेले डिजिटल गेम नक्की कुणाचे?

केदार_सांगली

नमस्कार मंडळी. घरी एक्सबॉक्स ३६० होता. गेल्या पावसाळ्यात वीज पडली तेव्हा टीव्ही आणि राउटरबरोबर तोही गेला. ओळखीतल्या एकाकडून दुसरा ३६० घेतला. माझ्या जुन्या खात्याने साइन इन केल्यावर पूर्वी विकत घेतलेल्या डिजिटल गेमची सगळी यादी दिसली. त्यातले काही पुन्हा उतरवले, छान चालले.

आता अडचण अशी, की मुलगी तिच्या प्रोफाइलने खेळायला बसली की तेच गेम 'ट्रायल' म्हणून उघडतात. पहिली पातळी झाली की पूर्ण गेम विकत घ्या म्हणतात, आणि विकत घ्यायचं दुकान तर २९ जुलै २०२४ला बंद झालंय. नेट गेलं की माझ्या प्रोफाइललाही ट्रायलच. जुन्या यंत्रावर असं कधीच होत नव्हतं. कपाटातल्या डिस्क मात्र कुणीही लावा, नेट असो वा नसो, चालतात.

स्टोअर बंद झाल्यामुळे माझी खरेदी अर्धवट झाली आहे का? आणि उद्या मायक्रोसॉफ्टने उरलेली सोयही काढून घेतली, तर माझ्याकडे काय राहील?

रोह्याचा_राजू

केदारराव, सोपं आहे. डिस्क म्हणजे मालकी, डिजिटल म्हणजे भाडं. मी आयुष्यात एकही डिजिटल गेम घेतला नाही, त्यामुळे कुठलं दुकान बंद पडलं याची मला चिंता नाही. जे डिजिटल आहे ते जुन्या बाजारात डिस्कवर शोधा आणि मोकळे व्हा.

मृण्मयी_द

केदार, तुमच्या अडचणीचा स्टोअर बंद होण्याशी संबंध नाही. २०१० साली यंत्र बदललं असतं तरी हेच झालं असतं. कन्सोल दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं केलं आहे आणि यंत्र बदललेली माणसं नेमकी हीच तक्रार घेऊन येत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

३६०वर तुम्ही डिजिटल गेम घेता तेव्हा त्याचं लायसन्स दोन ठिकाणी बांधलं जातं. एक तुमच्या प्रोफाइलला आणि दुसरं ज्या यंत्रावर तो गेम पहिल्यांदा उतरवला त्या यंत्राला. यांतलं एक जरी जुळलं तरी पूर्ण गेम उघडतो. जुन्या यंत्रावर यंत्राचं लायसन्स जुळत होतं, म्हणून मुलीचं प्रोफाइल असो वा पाहुण्यांचं, नेट असो वा नसो, सगळं चालायचं. नव्या यंत्राचा ओळख क्रमांक वेगळा आहे. तिथे फक्त तुमच्या प्रोफाइलचं लायसन्स उरतं, आणि ते खरं की खोटं हे एक्सबॉक्स लाइव्हला विचारूनच ठरतं. नेट गेलं की विचारणार कुणाला? म्हणून ट्रायल. तुमचे पैसे कुठे गेलेले नाहीत, फक्त लायसन्सचा यंत्राला बांधलेला अर्धा भाग जळालेल्या यंत्राबरोबर गेला.

यावर उपाय आहे. ३६०वर लायसन्स ट्रान्स्फर नावाची सोय आहे. ती चार महिन्यांतून एकदाच वापरता येते. ती वापरली की तुमच्या खात्यातली लायसन्स नव्या यंत्राच्या नावावर होतात. पण तेवढ्यावर काम भागत नाही. त्यानंतर डाउनलोड यादीत जाऊन प्रत्येक गेम पुन्हा उतरवावा लागतो, कारण नवं लायसन्स त्या उतरवण्याबरोबरच येतं. ही दुसरी पायरी राहून जाते आणि लोक म्हणतात की ट्रान्स्फरचा उपयोग झाला नाही. झालं की नाही हे तपासायला नेटची वायर काढा, मुलीचं प्रोफाइल घ्या आणि गेम उघडा. पूर्ण उघडला तर तो त्या यंत्राचा झाला.

गेम ज्या खात्याने घेतले ते खातं तुमचंच असेल तर हे आज लगेच करून घ्या. स्टोअर बंद झालं त्या दिवशी नवीन खरेदी थांबली. जुनी खरेदी पुन्हा उतरवणं चालू ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे, पण ते कुठवर हे सांगितलेलं नाही.

केदार_सांगली

मृण्मयीताई, फार आभार. इतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी निवांत बसून ट्रान्स्फर करून बघतो.

अण्णा_मिरजकर

माझ्याकडे पण एक्सबॉक्सच्या डिस्कवर ओरखडा आहे, गोल, अगदी कंपासने काढल्यासारखा. गेम अर्ध्यात थांबतो. कुणी टूथपेस्ट लावायला सांगतं. लावू का?

मृण्मयी_द

अण्णा, विषय थोडा वेगळा आहे, पण सांगते. गोल ओरखडा म्हणजे डिस्क फिरत असताना यंत्र हललं किंवा उभ्याचं आडवं केलं गेलं. ३६०मध्ये हे सर्रास व्हायचं. बारीक चरे असतील तर पॉलिश यंत्रावर निघतात, पण नखाला लागेल इतका खोल गोल चर बहुधा निघत नाही. टूथपेस्टने आणखी चरे पडतात. नका लावू.

राजू, डिस्कवालेही सुरक्षित आहेत असं समजू नका, हे या निमित्ताने सांगून ठेवते.

पुणेरी_गिअर

राजूच्या 'डिस्क म्हणजे मालकी'ला सरळ उत्तर म्हणजे द क्रू. युबिसॉफ्टचा गाड्यांचा गेम, डिसेंबर २०१४मध्ये आला. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन दोन्हीसाठी डिस्कवर मिळायचा. अमेरिकेचा अख्खा नकाशा गाडीने पालथा घालायचा. पण तुम्ही एकटे खेळत असलात तरी गेम सर्व्हरशी जोडलेला असलाच पाहिजे, अशी त्याची रचना होती. डिसेंबर २०२३मध्ये विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून डिस्क यंत्रात घातली तर ती वाचली जाते, गेम सुरू होतो आणि सर्व्हर सापडत नाही म्हणून तिथेच थांबतो. डिस्कवर एक ओरखडा नाही, खोक्यासकट जपून ठेवलेली, तरी उपयोग शून्य. संगणकावर तर पुढे लोकांच्या खात्यांतून लायसन्सच काढून घेतलं गेलं.

म्हणजे मालकी डिस्कमध्ये असते हे खरं नाही. गेम कुणाला विचारून सुरू होतो यावर सगळं आहे.

रोह्याचा_राजू

ऑनलाइन गेमचं सोडा हो. तो गेम घेतानाच माहीत असतं. मी साध्या, एकट्याने खेळायच्या गेमबद्दल बोलतोय. ३६०ची डिस्क ३६०मध्ये घातली की चालणार. यात चूक काय?

मृण्मयी_द

त्या वाक्यात काहीच चूक नाही. ३६०ची डिस्क ३६०मध्ये चालणारच, कारण परवानगी द्यायचं काम डिस्कच करते. गेम हार्ड डिस्कवर इन्स्टॉल केला तरी मूळ डिस्क ट्रेमध्ये लागते ती त्यासाठीच. कुठलं खातं, कुठलं यंत्र, काही विचारलं जात नाही. म्हणूनच ती विकता येते, भाच्याला देता येते.

पण तीच डिस्क एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये घालून बघा. गेम डिस्कवरून चालतच नाही. यंत्र डिस्क ओळखतं आणि त्या गेमची नव्या यंत्रासाठी तयार केलेली आवृत्ती नेटवरून उतरवायला घेतं. पुढे खेळताना डिस्क आत ठेवावी लागते, पण ती फक्त किल्ली म्हणून. खरा गेम सर्व्हरवरून आलेला. ज्या गेमची अशी आवृत्ती मायक्रोसॉफ्टने बनवली नाही, त्याची डिस्क तिथे चालणारच नाही, आणि नवीन गेम त्या यादीत घालणं नोव्हेंबर २०२१पासून थांबलंय. उद्या ते सर्व्हर गेले तर तुमच्या डिस्कचा उपयोग फक्त चालू स्थितीतल्या जुन्या ३६०वर. आणि ३६०चं उत्पादन २०१६मध्येच थांबलं.

दुसरी गोष्ट. डिस्कवर गेमची पहिली आवृत्ती असते. नंतर दुरुस्त केलेल्या चुका, वाढीव भाग, नवीन पात्रं हे सगळं नेटवरून यायचं. वाढीव भाग घ्यायचं ३६०चं दुकान आता बंद, त्यामुळे ज्याने वेळेत घेतले नाहीत त्याला डिस्क असूनही ३६०वरून ते घेता येणार नाहीत. ज्यांची वाढीव भागांसकट नवी आवृत्ती नंतर डिस्कवर आली असे काही गेम यातून सुटले. फॉलआउट ३च्या गेम ऑफ द इयर आवृत्तीत वाढीव भाग दुसऱ्या डिस्कवरच दिले होते. अशी आवृत्ती जुन्या बाजारात मिळाली तर सोडू नका. मात्र काही कंपन्यांनी त्याच नावाखाली एका कागदावर कोड छापून दिला. कोड एकदा वापरला की संपला. खोकं विकत घेताना आत दुसरी डिस्क आहे की कागद आहे, हे उघडून बघा.

लॅमिंग्टनचा_समीर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला वडिलांबरोबर दुकानात बसतो. मृण्मयीताई म्हणतात ते रोज बघतो. वापरलेली डिस्क आणणाऱ्याला आम्ही पहिला प्रश्न विचारतो, कोड वापरलाय का. दुसरा प्रश्न, डिस्क कुठल्या रीजनची. प्लेस्टेशनला हे फार महत्त्वाचं. भारतात अधिकृत विकल्या जाणाऱ्या डिस्क बहुतेक युरोपच्या असतात आणि भारतीय खात्यावरून घेतलेले वाढीव भाग त्यांना जुळतात. दुबईतून किंवा अमेरिकेतून आलेल्या पाहुण्याने अमेरिकन डिस्क आणली तर गेम चालतो, पण भारतीय खात्यावर घेतलेला वाढीव भाग त्या डिस्कला जोडला जात नाही. पैसे गेले तर परत मिळवणं कठीण. गिऱ्हाईक डिस्क खराब म्हणून आमच्याशी भांडतो, डिस्कचा दोष नसतो.

आता नवीन प्रकार आलाय. निन्टेन्डो स्विच २, जून २०२५मध्ये आला. त्याचे काही गेम 'गेम-की कार्ड'वर येतात. खोक्यात कार्ड असतं, पण कार्डावर गेम नसतो. पहिल्यांदा नेटवरून पूर्ण गेम उतरवायचा आणि मग खेळताना कार्ड आत ठेवायचं. पुढच्या बाजूला खाली तसं छापलेलं असतं. बरं एवढंच, की ते कार्ड दुसऱ्याला विकता येतं, कारण ते खात्याला बांधलेलं नाही. पण निन्टेन्डोचा सर्व्हर बंद झाल्यावर नवीन मालकाला त्या कार्डाचा उपयोग नाही. गिऱ्हाइकांना हे आधी सांगावंच लागतं.

सायली_ठाणे

धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या संगणकावर स्टीमचं खातं आहे, त्यात शेकड्याने गेम. आणि एका खोक्यात प्लेस्टेशनच्या डिस्क. डिस्क मी त्याच्या मित्रांना आणि माझ्या मुलाला वाटून दिल्या, त्यात काही अडचण आली नाही. स्टीमचं खातं माझ्या मुलाच्या नावावर करता येईल का? पासवर्ड आमच्याकडे आहे.

मृण्मयी_द

सायली, वाचून वाईट वाटलं.

स्टीमच्या करारात खातं दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही असं लिहिलेलं आहे, आणि मृत्युपत्रानेही ते दुसऱ्याच्या नावावर करून मिळत नाही. तुमच्या मुलाचं नाव त्यावर लागणार नाही. डिस्क वाटताना तुम्हाला कुणाला विचारावं लागलं नाही, हाच तो फरक.

विधिज्ञ_नागपूर

करारात लिहिलं म्हणजे ते कायद्याने टिकेलच असं नाही, एवढं नोंदवतो. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हवर दावा केला होता. २०१९मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने म्हटलं, डिजिटल गेमची पुनर्विक्री रोखता येणार नाही. २०२२मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उलटवला. त्याआधी २०१२मध्ये युरोपीय न्यायालयाने एका खटल्यात वापरलेल्या सॉफ्टवेअर लायसन्सची पुनर्विक्री मान्य केली होती. म्हणजे एकाच युरोपात सॉफ्टवेअरला एक न्याय आणि गेमला दुसरा. गेममध्ये चित्र, संगीत, कथा असते, ते नुसतं सॉफ्टवेअर नाही, असा तो युक्तिवाद. मला व्यक्तिशः तो पटत नाही. भारतात कुणी असा खटला शेवटपर्यंत लढवावा असं मनापासून वाटतं.

बे_एरियाची_वहिनी

मी कॅलिफोर्नियात राहते, इथली एक गोष्ट सांगते. १ जानेवारी २०२५पासून इथे एबी २४२६ हा कायदा लागू आहे. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला हे फक्त लायसन्स आहे आणि ते काढून घेतलं जाऊ शकतं, असं स्पष्ट सांगावं लागतं. नुसतं खरेदीचं बटण दाखवून चालत नाही. स्टीमवर पैसे भरायच्या आधी तशी ओळ ऑक्टोबर २०२४पासूनच दिसायला लागली.

या कायद्यात एक सूट आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. जी वस्तू कायमची उतरवून घेता येते आणि नंतर विकणाऱ्याला ती काढून घेता येत नाही, तिला हा नियम लागू नाही. उदाहरणार्थ, जीओजी नावाच्या दुकानातून गेम घेतला की त्याची इन्स्टॉल करायची फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते. पुढे इन्स्टॉल करताना नेट लागत नाही, खातं लागत नाही. जीओजी उद्या बंद पडलं तरी ती फाइल चालेल. म्हणजे डिजिटल असूनही हातात राहतं. राजू भाऊजींनी याचाही विचार करावा.

मात्र इथे एक काम आपलं आपल्याला करावं लागतं. फाइल उतरवून ठेवली तरच ती तुमची. यादीत नुसतं नाव दिसतंय म्हणून निश्चिंत राहिलेल्याला दुकान बंद झाल्यावर काहीच मिळणार नाही. आमच्याकडे दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवल्या आहेत.

रोह्याचा_राजू

वहिनी, ही माहिती मला नव्हती. संगणकासाठी हे उत्तम आहे. कन्सोलवर असं काही मिळतं का?

मृण्मयी_द

कन्सोलवर नाही. तिथे गेमची फाइल यूएसबीवर घेऊन ठेवता येते, ३६०वर तर २ टीबीपर्यंतची डिस्क लावता येते, पण लायसन्स जुळल्याशिवाय ती उघडत नाही. तरी त्या प्रतीचा उपयोग आहे. पुन्हा उतरवणं कधी बंद झालं तर यंत्राशी बांधलेलं लायसन्स आणि ही फाइल, दोन्ही एकत्र असलेला गेम त्या यंत्रावर चालत राहील.

बंद होतं म्हणजे काय होतं याचा एक नमुना निन्टेन्डोच्या वी या कन्सोलच्या दुकानाचा आहे. त्यांनी आधी मार्च २०१८मध्ये दुकानाच्या खात्यात पैसे भरणं थांबवलं. मग ३० जानेवारी २०१९ला खरेदी बंद केली. विकत घेतलेलं पुन्हा उतरवणं चालू ठेवलं. २०२२मध्ये तेही अचानक काही महिने बंद होतं. कुणालाही आधी सूचना नव्हती. कायमचं गेलं असं बऱ्याच जणांनी धरलं होतं, नंतर ते पुन्हा सुरू झालं. त्या काही महिन्यांत ज्याचं यंत्र बिघडलं असेल त्याचे गेम त्या काळापुरते गेलेच होते.

उलट उदाहरणही आहे. सोनीने मार्च २०२१मध्ये जाहीर केलं की प्लेस्टेशन ३चं स्टोअर २ जुलैला बंद होणार आणि व्हिटाचं ऑगस्टमध्ये. लोकांनी इतका आरडाओरडा केला की १९ एप्रिलला त्यांनी निर्णय मागे घेतला. फक्त पीएसपीची खरेदी बंद झाली. तेव्हा बोलून उपयोग होत नाही असं नाही.

पुणेरी_गिअर

बोलण्याचाच विषय निघाला तर स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम द क्रूच्याच निमित्ताने एप्रिल २०२४मध्ये सुरू झाली. युरोपात त्यांच्या अर्जावर जुलै २०२५पर्यंत १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्यांची मागणी लोक चुकीची सांगतात. सर्व्हर कायम चालू ठेवा असं ते म्हणत नाहीत. बंद करताना गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडून जा, एवढंच. आणि हे जमतं. द क्रू २ला युबिसॉफ्टने नंतर ऑफलाइन खेळायची सोय दिली. मग पहिल्याला का नाही?

कोड_कोल्हापूर

मी गेम बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हरचं काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. द क्रू २ला जमलं म्हणून सगळ्यांना जमेल असं नाही. गाड्यांच्या गेममध्ये तुमची गाडी, तुमची प्रगती, नकाशा एवढं स्थानिक यंत्रावर आणता येतं. हजारो लोक एकाच जगात खेळतात तिथे अर्धा गेमच सर्व्हरवर असतो. तो सर्व्हर इतर कंपन्यांकडून घेतलेल्या भागांवर चालतो आणि ते भाग लोकांना वाटायचा हक्क आमच्याकडे नसतो. गेम बनवताना पहिल्या दिवसापासून शेवटाची तयारी केली तरच हे शक्य आहे. दहा वर्षं जुन्या गेमला नंतर ते जोडायचं तर नवीन गेम बनवण्याइतकं काम.

पुणेरी_गिअर

मान्य, पण मग विकतानाच खोक्यावर तारीख छापा. अमुक वर्षापर्यंत चालेल याची हमी. दुधाच्या पिशवीवर असते, साडेतीन हजारांच्या गेमवर का नको?

कोड_कोल्हापूर

तारीख छापायला माझी हरकत नाही. कंपनीचा विक्री विभाग मात्र कधी मान्य करेल असं वाटत नाही. किती लोक खेळतील हे आधी कुणालाच माहीत नसतं आणि त्यावरच सर्व्हर किती दिवस परवडेल ते ठरतं.

सायली_ठाणे

मृण्मयीताई, उत्तराबद्दल आभार. एक विचारायचं राहिलं. भावाचं प्लेस्टेशन ४ मुलगा वापरतो. कुणीतरी सांगितलं की त्यातली बॅटरी संपली की डिस्कही चालत नाही. खरं आहे का?

मृण्मयी_द

पूर्वी खरं होतं. पीएस४च्या बोर्डावर घड्याळासाठी सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. तो संपला आणि यंत्र सोनीच्या सर्व्हरशी जोडलेलं नसेल, तर वेळ जुळत नाही म्हणून डिस्कसुद्धा उघडत नव्हती. ट्रॉफीची नोंद खऱ्या वेळेनिशी व्हावी म्हणून ती अट होती. सप्टेंबर २०२१च्या ९.०० अपडेटने हे दूर केलं. सिस्टिम सॉफ्टवेअरचा क्रमांक बघा, त्याहून जुना असेल तर अपडेट करून घ्या. हे काम सर्व्हर चालू आहेत तोवरच सोपं आहे.

केदार_सांगली

मंडळी, सगळं वाचून घरातल्या गेमची वर्गवारी केली. नेटची वायर काढून, मुलीच्या प्रोफाइलवर एकेक उघडून बघितला. ३६०च्या डिस्क सगळ्या चालल्या. उतरवलेल्यांपैकी एकही पूर्ण उघडला नाही. त्यातले बरेच छोटे गेम डिस्कवर कधी आलेच नव्हते, त्यामुळे राजूंचा मार्ग त्यांना लागू नाही. मुलीला नेमके तेच आवडतात.

ट्रान्स्फर अजून केलेलं नाही. एक शंका आहे. जळालेल्या यंत्राची हार्ड डिस्क शाबूत आहे आणि ती नव्यात बसते. ती लावली तर जुनं लायसन्स सोबत येईल का? की ती फॉरमॅट करून सगळं नव्याने उतरवू?

मृण्मयी_द

फॉरमॅट करू नका! हार्ड डिस्क लावल्यावर गेम दिसतील, पण त्यांच्यावरचं लायसन्स जुन्या यंत्राचं आहे, म्हणून मुलीला ट्रायलच दिसेल. मात्र सेव्ह केलेली प्रगती त्याच हार्ड डिस्कवर आहे आणि ती दुसरीकडे कुठे नसेल. आधी ती यूएसबीवर काढून घ्या, मग ट्रान्स्फर, मग प्रत्येक गेम त्याच हार्ड डिस्कवर पुन्हा उतरवा. डिस्कवर कधीच न आलेले जे छोटे गेम आहेत ते सर्वांत आधी घ्या.

लॅमिंग्टनचा_समीर

आणि ज्यांच्याकडून ते ३६० घेतलं, त्यांचं खातं त्या यंत्रावर अजून असेल तर ते काढण्याआधी एकदा विचारा. त्यांचे काही डिजिटल गेम त्या यंत्राच्या लायसन्सवर असतील तर ते तुमच्या मुलीलाही नेटशिवाय पूर्ण उघडतील. गिऱ्हाइकांच्या यंत्रात मी हे बघितलंय. त्यांची हरकत नसेल तर ते गेम हार्ड डिस्कवरून उडवू नका.

केदार_सांगली

यादीत माझ्या नसलेले दोन गेम खरंच आहेत आणि ते मुलीच्या प्रोफाइलवर पूर्ण उघडतात. कुठून आले ते कळत नव्हतं. आज संध्याकाळी त्यांना फोन करतो.